दुकान उघडताना आणि बंद करताना
(चप्पल दुकान, महाद्वार रोड)

सकाळी ९.३०
▢ शटरची दोन्ही कुलपं नीट बघा. ओरखडा दिसला तर हात न लावता मला फोन करा.
▢ गल्ल्यात सुट्टे २,००० मोजून वहीत लिहा.
▢ दर्शनी फळीवर कापशी. जोडातला एकच पाय बाहेर, दुसरा खोक्यात. पावसाळ्यात चामड्याला बुरशी धरते. रोज प्रत्येक जोड पालथा करून तळ कोरड्या फडक्यानं पुसा. कारागिराच्या हातची वस्तू आहे, हयगय नको.

रात्री ९
▢ गल्ला दोघांनी मोजायचा, यूपीआय वेगळं. फरक आला तर तसाच लिहा, खिशातून भरू नका.
▢ पंखे, दिवे, कॉम्प्युटर बंद. कॅमेरा चालूच.
▢ कुलूप ओढून बघा.