पाण्याखालचे पाच फलक: प्रॉम्प्ट

नाशिकच्या शाळकरी मुलांसाठी भरणाऱ्या विज्ञान प्रदर्शनातल्या चित्रांचे हे प्रॉम्प्ट. चित्र बनवणाऱ्या AI मध्ये जसेच्या तसे टाका. मीटरचे आकडे बदलू नका, चित्रातला रंग त्यांच्यावरच ठरलाय. धरणाच्या आणि समुद्राच्या पाण्याला एकच निळा देणं मला मान्य नाही. धरणातलं शेवाळ आणि कुजलेल्या पाल्याचा अर्क निळा प्रकाश खातात, म्हणून तिथे हिरवा उरतो. स्वच्छ खोल समुद्रात निळा सगळ्यांत दूर पोचतो.

फलक 1. गंगापूर धरण, उथळ कड
«गंगापूर धरणाच्या जलाशयाची कड, पाण्याखाली दीड मीटर, मे महिन्याचा तिसरा आठवडा, भर दुपार, सूर्य थेट डोक्यावर. वर वाऱ्याची बारीक लहर. तळाशी काळा बेसाल्ट आणि मधे फिकट वाळूचा पट्टा. वाळूवर कॉस्टिकची, म्हणजे लहरींनी एकवटलेल्या उजेडाची, लख्ख जाळी: बारीक उजळ रेषा, आकाराने वेडीवाकडी घरं, दोन घरं सारखी नाहीत. काळ्या दगडावर तीच जाळी मंद, दगडाच्या उंचवट्यावरून वळसा घेणारी. लहान रोहूच्या पाठीवर जाळी, पोटाखाली नाही. जवळचं पाणी फिकट पिवळट हिरवं, तीन-चार मीटरपलीकडे सगळं हिरव्या धुक्यात विरलेलं. निळा रंग नको, प्रवाळ नको, बुडबुडे नकोत.»
जाळी मधमाशीच्या पोळ्यासारखी नियमित आली तर चित्र रद्द. लाटा भिंगाचं काम करतात आणि लाटा कधी मोजूनमापून येत नाहीत.

फलक 2. पुराची गोदावरी
«रामकुंडाजवळ, पुराच्या पाण्याखाली एक मीटर, ऑगस्ट, ढगाळ आकाश. चहूकडे गढूळ तपकिरी, वरच्या बाजूला जरा उजळ. दगडी पायरीची एकच कड, तीही हातभर अंतरावर. गाळाचे कण दाट, प्रवाहाच्या दिशेने आडवे ओढलेले. किरणांचे झोत नाहीत, कॉस्टिक नाही.»
चित्र कंटाळवाणं दिसेल, दिसू द्या. नाशिककर पूर ज्या मूर्तीवरून मोजतात, तिच्या नावाने खाली एकच ओळ छापायची: «दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं, तेव्हा आत असं दिसतं.»

फलक 3. मालवणच्या समुद्रातून वर पाहताना
«मालवणजवळचा समुद्र, तीन मीटर खोल, जानेवारीची दुपार, कॅमेरा सरळ वर. माथ्यावर उजेडाचं वर्तुळ, व्यास सुमारे 7 मीटर, त्यात आकाश आणि होडीचा तळ. कडेला आकाश दाबून बसवल्यासारखं. वर्तुळाबाहेर पृष्ठभाग आरशासारखा, त्यात निळसर हिरव्या पाण्याचं प्रतिबिंब. सूर्याकडून कललेले झोत, कडा मऊ, लहरींबरोबर हलणारे. कण फक्त झोतात चमकतात, सावलीतले जवळजवळ दिसत नाहीत. जवळचे दोन-तीन मोठे आणि अस्पष्ट, बाकीचे टिपक्याएवढे.»
कणांची गर्दी झाली की पाण्याऐवजी धुळीचं वादळ वाटतं. झोत पाचापेक्षा जास्त आले तर सरळ कापा.

फलक 4. येवल्याची पैठणी पाण्यात
सगळ्यांत जास्त वेळ याला द्या, मुलं इथेच थांबणार आहेत. एकच पैठणी पाच खोलींवर, एकाच उभ्या फलकात.
«येवल्याची पैठणी: लाल अंग, सोनेरी जरीचा पदर, त्यावर हिरवे पोपट, निळी किनार. लक्षद्वीपजवळचं स्वच्छ पाणी, माथ्यावर सूर्य, दिवा नाही. 1 मीटर: सगळे रंग जिवंत, कापडावर कॉस्टिकची ठसठशीत जाळी. 5 मीटर: लाल विटकरी झालेला, जाळी रुंद आणि पुसट. 10 मीटर: लाल गडद तपकिरी, जरीचा पदर पितळी हिरवट. 20 मीटर: लाल जवळजवळ काळा, पिवळा राखाडी, पोपट अजून ओळखू येतात. 30 मीटर: निळी किनार तेवढी टिकलेली, बाकी निळ्याच्या छटा, कॉन्ट्रास्ट कमी.»
शेजारी एक छोटी चौकट:
«30 मीटर, तीच पैठणी, हातभर अंतरावर पांढरा टॉर्च. प्रकाशाच्या वर्तुळात लाल पुन्हा लालभडक, वर्तुळाबाहेर निळसर काळा.»
टॉर्च लांब धरला तर लाल परत येणार नाही. प्रकाशाला जाऊन परतही यायचं असतं, दोन्ही वेळा पाणी लाल खातं.

फलक 5. दोनशे मीटरच्या खाली
«अरबी समुद्र, 300 मीटर, दिवस. वरून येणारा मंद, एकरंगी निळा, खाली काळोख. सागरी हिम: मेलेले प्लवक आणि विष्ठेचे पांढुरके पुंजके, कापसाच्या तुटक धाग्यांसारखे, सावकाश खाली येणारे. काही जुळलेले, काही तुटलेले. चमचम नको, झोत नकोत, कॉस्टिक अजिबात नको.»
मासा घालायचा मोह झाला तर एकच घाला, तोही सावलीसारखा. हा फलक खिडकीसमोर लावू नका. उजेडात काळ्यातला निळा मरतो.