सराव पत्रक: वेग-अंतर आणि काळ-काम

प्र. १) कोल्हापूर-सांगली जाताना ताशी ४० किमी, येताना ६०. सरासरी वेग?
२×४०×६०÷१०० = ४८. घाईत ५० वर गोल करू नका. कमी वेगात वेळ जास्त जातो, म्हणून सरासरी खाली येते. अंतर लागतच नाही.

प्र. २) १८० मी. लांबीची, ताशी ५४ किमी वेगाची गाडी २७० मी. फलाट किती सेकंदांत ओलांडेल?
५४×५/१८ = १५ मी./से. (४५०÷१५) = ३० सेकंद. पर्यायांत १८ असतोच, गाडीची लांबी विसरणाऱ्यांसाठी.

प्र. ३) उसाची भांगलण अ टोळी १२ दिवसांत, ब टोळी १८ दिवसांत करते. दोघी मिळून सुरुवात. ४ दिवसांनी अ गेली. एकूण दिवस?
अपूर्णांक मांडू नका. लसावि ३६, म्हणजे ३६ सऱ्या धरा. अ रोज ३, ब रोज २. चार दिवसांत ५×४ = २० झाल्या, उरल्या १६; ब ला ८ दिवस. उत्तर ४+८ = १२. ‘एकूण’ की ‘उरलेले’, हे न वाचल्यानेच इथला गुण जातो.

प्र. ४) टाकी ६ तासांत भरते, गळतीमुळे ८ लागतात. भरलेली टाकी गळतीने कधी रिकामी होईल?
लसावि २४; ४−३ = १; २४ तास.