अर्ज क्र. MSC26-BOT-04731 : त्रुटी संदेशातील ‘कागदपत्र क्र. ७’ म्हणजे नेमके कोणते?

दि. ७ जुलै २०२६, मंगळवार

प्रति,
मा. सहायक कुलसचिव,
पदव्युत्तर प्रवेश विभाग

महोदय/महोदया,

मी भाग्यश्री सुनील महाजन, रा. अमळनेर तालुका, जि. जळगाव. एम. एस्सी. (वनस्पतिशास्त्र) प्रथम वर्षासाठी इतर मागासवर्ग प्रवर्गातून अर्ज केला आहे. अर्ज क्रमांक MSC26-BOT-04731. अर्ज २२ जून रोजी सादर झाला, शुल्क त्याच दिवशी भरले आणि पावतीही आली.

शनिवारी, ४ जुलैला संध्याकाळी मोबाइलवर त्रुटीचा संदेश आला. पोर्टलवर उघडून पाहिले तर एवढीच ओळ दिसते:

`Discrepancy: Document No. 7 not available`

माझा प्रश्न एकच आहे:

या संदेशातला क्रमांक ७ पोर्टलच्या यादीतला (नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र) आहे, की माहितीपुस्तिकेतल्या यादीतला (मायग्रेशन प्रमाणपत्र)?

असे विचारावे लागते आहे, कारण या दोन याद्यांचे क्रमांक जुळत नाहीत. माहितीपुस्तिकेत पहिला क्रमांक दहावीच्या गुणपत्रकाचा आहे. पोर्टलवर मात्र पहिला क्रमांक फोटो आणि सहीला दिला आहे आणि दहावीचे गुणपत्रक दुसऱ्या क्रमांकावर गेले आहे. तिथून पुढचे सगळे एकेका घराने सरकते. त्यामुळे पुस्तिकेत सहावे असलेले नॉन-क्रिमिलेअर पोर्टलवर सातवे होते आणि पुस्तिकेतले सातवे मायग्रेशन पोर्टलवर आठवे. मला हे लगेच लक्षात आले नाही. रविवारी सायबर कॅफेत दोन्ही याद्यांच्या प्रिंट काढून शेजारी शेजारी ठेवल्या, तेव्हा कळले. त्या दोन पानांचे फोटो सोबत जोडले आहेत, सातव्या क्रमांकाभोवती पेनाने गोल केला आहे.

आता दोन्ही कागदपत्रांची माझ्याकडची स्थिती सांगते, म्हणजे आपल्याला माझी फाइल पाहताना सोपे जाईल.

नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र मी २२ जूनलाच अपलोड केले आहे. ते अमळनेरच्या उपविभागीय अधिकारी कार्यालयातून मिळालेले आहे आणि त्याची मुदत ३१ मार्च २०२७ पर्यंत आहे. माझ्या लॉगिनमध्ये त्या रकान्यासमोर हिरवी खूण दिसते आणि फाइल उघडतेही. आपल्याकडे ती उघडत नसेल तर तसे कळवावे. मूळ प्रमाणपत्र घरीच आहे, मी त्याच दिवशी पुन्हा स्कॅन करून देऊ शकते.

मायग्रेशन प्रमाणपत्र मी अजून दिलेले नाही, कारण ते माझ्याकडे अजून नाही. मी बी. एस्सी. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातून केले. आपल्या माहितीपुस्तिकेत मायग्रेशनसमोर ‘प्रवेश निश्चित झाल्यापासून ३० दिवसांत सादर करावे, तोपर्यंत हमीपत्र जोडावे’ अशी टीप आहे. त्या टिपेवर विसंबून त्या रकान्यात मी सहीचे हमीपत्र जोडले आहे. ते पोर्टलवर क्रमांक ८ ला दिसते.

थोडक्यात, क्रमांक ७ पोर्टलचा असेल तर माझ्याकडून गेलेला कागद आपल्यापर्यंत पोहोचलेला नाही. पुस्तिकेचा असेल तर हमीपत्र पुरेसे धरलेले नाही. या दोन्ही गोष्टी अगदी वेगळ्या आहेत आणि त्यांसाठी करायची धावपळही वेगळी आहे. पहिल्यासाठी मला घराबाहेर पडायचीही गरज नाही. दुसऱ्यासाठी जळगावला विद्यापीठात जाऊन अर्ज आणि शुल्क भरावे लागेल. अमळनेरहून जळगाव साधारण ५५ किलोमीटर. सकाळच्या गाडीने जाता येते, पण प्रमाणपत्र त्याच दिवशी हातात पडेल असे धरून चालता येत नाही.

अंदाजाने दोन्ही कागद चढवून मोकळे व्हावे, असे घरच्यांचे म्हणणे होते. तसे मी केलेले नाही, कारण `Resubmit` बटणाखाली स्पष्ट लिहिले आहे की ते एकदाच वापरता येते आणि त्या रकान्यातली आधीची फाइल पुसली जाते. नॉन-क्रिमिलेअर व्यवस्थित पोहोचलेले असताना मी ते पुसून पुन्हा टाकले आणि खरी त्रुटी मायग्रेशनची निघाली, तर हातातली एकुलती एक संधी वाया जाईल. म्हणून आपले उत्तर येईपर्यंत त्या बटणाला हात लावणार नाही.

त्रुटी दुरुस्तीची मुदत शुक्रवार, १० जुलै, सायंकाळी ५ पर्यंत आहे. उत्तर उद्या, बुधवारी दुपारपर्यंत मिळाले तर जळगावला जायचे झाल्यास गुरुवारचा पूर्ण दिवस हाताशी राहील. आपल्याकडे या दिवसांत असे किती मेल येत असतील याची मला कल्पना आहे, त्यामुळे सविस्तर उत्तराची अपेक्षा नाही. ‘नॉन-क्रिमिलेअर’ किंवा ‘मायग्रेशन’ एवढा एक शब्द लिहून पाठवला तरी माझे काम होईल.

सोमवारी मी मदत क्रमांकावर दोनदा फोन केला होता. पहिल्यांदा कोणी उचलला नाही. दुसऱ्यांदा ज्या मॅडम बोलल्या त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, पण त्यांच्यासमोर माझी फाइल उघडत नव्हती. अर्ज क्रमांक घालून मेल करा आणि त्यात एकच गोष्ट विचारा, असे त्यांनीच सुचवले. त्याप्रमाणे हा मेल करते आहे.

जाता जाता एक नोंद. हा प्रश्न नाही, फक्त फाइल पाहणाऱ्यांचा गोंधळ होऊ नये म्हणून लिहिते. पोर्टलवर पदवीचे विद्यापीठ निवडायच्या यादीत आमच्या विद्यापीठाचे जुने नाव, `North Maharashtra University, Jalgaon`, एवढेच आहे. २०१८ पासून विद्यापीठाच्या नावात कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आले आणि माझ्या सर्व गुणपत्रकांवर तेच पूर्ण नाव छापलेले आहे. यादीत दुसरा पर्याय नसल्याने मी जुने नाव निवडले. अर्जातले आणि गुणपत्रकावरचे नाव वेगळे दिसले तरी विद्यापीठ एकच आहे.

अर्जात दिलेला मोबाइल क्रमांक चालू आहे. शेतात असले की रेंज जाते, सध्या कपाशीच्या निंदणीचे दिवस आहेत, त्यामुळे फोन लागला नाही तर कृपया मेलवर किंवा एसएमएसने कळवावे. मेल मी सकाळी, दुपारी आणि रात्री पाहते आहे.

सोबत:
पोर्टलवरील त्रुटी संदेशाचा स्क्रीनशॉट. दोन्ही याद्यांच्या पानांचे फोटो. २२ जूनची शुल्क पावती. नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्राची प्रत (फक्त पाहण्यासाठी, पोर्टलवर पुन्हा चढवलेली नाही).

आपली नम्र,
भाग्यश्री सुनील महाजन
अर्ज क्र. MSC26-BOT-04731
ता. अमळनेर, जि. जळगाव