बाळाची मधली सुट्टी

नौपाड्यात, स्टेशनपासून जवळच एका बिल्डिंगमध्ये ओवी राहते, दुसरीत आहे, आणि तिला नुकताच भाऊ झालाय. त्याला दहा दिवस झाले, अजून बारसंही झालं नाही म्हणून सगळे त्याला नुसतं बाळच म्हणतात.

ओवीने त्याच्यासाठी लेझीम शिकून ठेवलेलं. आईच्या पोटात होता ना, तेव्हा ती रोज आईसमोर उभी राहून एक दोन तीन चार करायची. पण हा आला आणि नुसता झोपतोच, सकाळी झोप, आंघोळ झाली की झोप, शाळेतून आलं की परत झोपच!

एक दिवस तिने ठरवलं, आता उठवायचंच, आणि पाळण्याजवळ जाऊन जोरात लेझीम वाजवलं, छन्न!

बाळाने एकदम दोन्ही हात हवेत फेकले, बोटं पसरली आणि असा रडला, असा रडला की ओवीलाच रडू आलं.

आजीने आधी बाळाला उराशी धरलं, मग ओवीला जवळ घेतलं. "घाबरला गं तो. एवढासा आहे, एकदम मोठ्ठा आवाज आला की त्याला वाटतं आपण पडतोय."

"पण तो एवढा झोपतो का? माझ्याशी खेळायचं नाही का त्याला?"

"खेळायचंय ना, म्हणूनच झोपतो. तू शाळेत जातेस तशी झोप ही त्याची शाळा. झोपेत त्याची हाडं वाढतात, मेंदू वाढतो, नवीन ऐकलेलं डोक्यात नीट बसतं. सोळा-सोळा तास चालते बघ ही शाळा."

"बापरे! आणि रात्री का उठतो मग?"

"पोट केवढंसं आहे त्याचं, दोन-तीन तासांत रिकामं होतं. आणि दिवस कुठला, रात्र कुठली हे त्याला अजून कळत नाही, पोटात अंधारच होता ना."

ओवीने लेझीम आजीच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून कपाटात ठेवलं. कुकरची शिट्टी झाली तशी ती दचकून आत धावली, पण बाळ आरामात झोपलेलं, पंख्याचा, लोकलचा, घरातला रोजचा आवाज त्याला चालतो म्हणे, फक्त कानाजवळ अचानक काही नको. झोपेतच त्याच्या पापण्या हलल्या आणि ओठ जरासे हसले.

रात्री दोन वाजता रडण्याने सगळं घर जागं झालं. ओवी डोळे चोळत आईपाशी आली आणि हळूच, अगदी हळू म्हणाली, "एक, दोन, तीन, चार."

बाळ गप्प झालं आणि तिच्या आवाजाकडे मान वळवली.

"आई, ओळखलं मला!"

"अगं, पोटात असल्यापासून ऐकतोय तुला."

बाबा दारात उभे, केस विस्कटलेले. "काय झालं, का रडतोय?"

"शूऽऽ," ओवी म्हणाली, "मधली सुट्टी झालीये त्याची, डबा खाऊ दे."