हर्नियाच्या ऑपरेशननंतर घरी जाताना: कुटुंबासाठी माहिती

रुग्ण: पुरुष, वय 63
दाखल: सोमवारी सकाळी
ऑपरेशन: सोमवारी दुपारी
घरी सोडले: बुधवारी दुपारी
जुने आजार: रक्तदाब (गोळी चालू), सिगारेटची सवय, सकाळचा खोकला
औषधांची ॲलर्जी: माहीत नाही, इथेही काही त्रास झाला नाही

फाइलमध्ये डॉक्टरांसाठीचा इंग्रजी कागद आहे. तो पुढच्या तपासणीला सोबत आणा. हा कागद मात्र तुमच्यासाठी आहे. घरात बाबांची काळजी जे जे घेणार आहेत, त्या सगळ्यांनी तो एकदा वाचावा आणि बाबांनाही वाचून दाखवावा.

काय झालं होतं

पोटाच्या भिंतीत उजव्या जांघेजवळ एक जागा कमकुवत झाली होती. उभं राहिलं किंवा खोकलं की पोटातली चरबी आणि आतड्याचा थोडा भाग तिथून बाहेर यायचा. तोच तो फुगवटा. आडवं झाल्यावर तो आत जायचा, म्हणजे आतडं अडकलेलं नव्हतं. म्हणूनच ऑपरेशन घाईगर्दीत न करता ठरवून करता आलं.

काय केलं

कमरेखालचा भाग बधिर करणारं इंजेक्शन पाठीच्या मणक्यात दिलं. उजव्या जांघेत साधारण 6 सेंटिमीटरचा छेद घेतला, बाहेर आलेला भाग आत ढकलला आणि कमकुवत जागेवर जाळी शिवली. तपासणीत डाव्या बाजूला हर्निया आढळला नाही.

जाळीबद्दल तुमच्या घरातून बरेच प्रश्न आले होते, म्हणून थोडं सविस्तर. ती पॉलिप्रोपिलीनची, म्हणजे एका प्रकारच्या प्लॅस्टिकच्या धाग्याची असते. तिच्या छिद्रांमधून शरीराचा स्वतःचा चिवट थर वाढतो आणि भिंत मजबूत होते. ती कायमची आत राहते, काढावी लागत नाही. तिच्यात धातू नसल्यामुळे पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर तिची अडचण येत नाही. चालताना किंवा वाकताना ती सरकेल, अशी भीती बाळगू नका. जाळीमुळे हर्निया परत होण्याची शक्यता बरीच कमी होते, पण शून्य होत नाही.

एका दिवसाचं काम दोन दिवसांवर का गेलं

बाबा खरं तर मंगळवारी सकाळीच घरी जाणार होते. सोमवारी रात्री त्यांना लघवी होईना आणि ओटीपोट फुगलं. नळी घातल्यावर 700 मिलिलिटर लघवी निघाली. पाठीतल्या भुलीनंतर असं होऊ शकतं, विशेषतः पन्नाशी-साठीच्या पुरुषांत. पण नंतर बोलता बोलता बाबांनी सांगितलं की गेलं वर्षभर ते रात्री तीन-चार वेळा उठतात, धार बारीक येते आणि जोर करावा लागतो. भरती होताना विचारलं तेव्हा त्यांनी "काही नाही" म्हटलं होतं. वयाचा भाग समजून पुरुष हे बोलत नाहीत, त्यात त्यांचा दोष नाही.

नळी बुधवारी सकाळी 6 वाजता काढली. त्यानंतर त्यांना दोनदा नीट लघवी झाली. सोनोग्राफीत मूत्राशयात फक्त 40 मिलिलिटर उरलेली दिसली, हे चांगलं आहे. लघवीच्या तपासणीत जंतुसंसर्ग नाही.

हे इतकं लिहायचं कारण असं की जाळीने भोक बुजवलं, पण भोकावर आतून पडणारा जोर अजून तिथेच आहे. लघवीला जोर, शौचाला जोर आणि सकाळचा खोकला. घरच्यांनी लक्ष ठेवायचं ते जखमेपेक्षा या तिन्हींवर. जखम आपली आपण भरेल.

औषधं

पॅरासिटामॉल 650 मिलिग्रॅम: सकाळी, दुपारी, रात्री एकेक, पाच दिवस. दुखलं नाही तरी पहिले तीन दिवस वेळेवर द्या. दुखणं अंगावर काढलं की माणूस खोकत नाही, चालत नाही आणि त्याचा उलटा त्रास होतो. दोन गोळ्यांमध्ये निदान 6 तास जाऊ द्या. सर्दी-तापाच्या बऱ्याच गोळ्यांत हेच औषध असतं, ती वेगळी देऊ नका.

टॅमसुलोसिन 0.4 मिलिग्रॅम: रात्री जेवणानंतर एक. हे नवीन औषध आहे, लघवीचा मार्ग सैल करण्यासाठी. पुढच्या तपासणीपर्यंत बंद करू नका. याने उठताना चक्कर येऊ शकते आणि रक्तदाबाची गोळीही चालू आहे. म्हणून रात्री लघवीला उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसायचं, मग उभं राहायचं. वाटेतला दिवा चालू ठेवा.

लॅक्ट्युलोज: 15 मिलिलिटर, रात्री झोपताना, दोन आठवडे. पातळ शौचाला झाली तर थांबवा.

अम्लोडिपिन 5 मिलिग्रॅम: नेहमीसारखीच, सकाळी एक.

अँटिबायोटिक दिलेलं नाही, ते विसरलेलं नाही. ऑपरेशनच्या आधी शिरेतून एक डोस दिला होता, तेवढा पुरतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या आम्हाला विचारल्याशिवाय घरातून किंवा दुकानातून देऊ नका. त्यांनी रक्तदाब वाढू शकतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो.

जखम

टाके कातडीच्या आत आहेत आणि आपोआप विरघळतात, काढायला यायची गरज नाही. वरची पट्टी पाणी न शिरणारी आहे. तिच्यासकट अंघोळ चालेल, पण अंगावर पाणी घेऊन. टबात किंवा तलावात बसणं दोन आठवडे नको. शनिवारी पट्टी काढा, जखम साध्या साबणपाण्याने हलक्या हाताने धुवा, टिपून कोरडी करा आणि उघडी ठेवा. वर पावडर, तेल, हळद, मलम काहीही लावू नका.

आता जे दिसेल त्याने घाबरून जाऊ नये म्हणून आधीच सांगतो. दोन-तीन दिवसांत जांघ, वृषणाची पिशवी आणि शिश्नाच्या मुळाशी निळं-जांभळं दिसेल. आतलं थोडं रक्त खाली उतरतं, एवढाच त्याचा अर्थ. पिशवी थोडी सुजेल. आधार देणारी घट्ट अंतर्वस्त्रं घातली की बरं वाटतं. छेदाच्या खाली दोरीसारखी कडक उंचवटी लागेल. पुष्कळ जण पहिल्या आठवड्यात धावत येतात, "हर्निया परत आला" म्हणून. ती जखम भरण्याची गाठ असते आणि दोन-तीन महिन्यांत मऊ होते. छेदाच्या आसपास बधिरपणा किंवा मुंग्याही येऊ शकतात. तिथून जाणाऱ्या नसा दुखावलेल्या असतात. हे हळूहळू कमी होतं, एखादा लहान बधिर पट्टा कायमचा राहू शकतो. तीन महिन्यांनंतरही टोचणारी, कामात अडथळा आणणारी वेदना असेल तर मात्र सांगा, सहन करत बसू नका.

उठणं-बसणं, काम

आजपासूनच घरात चालायचं. दिवसभर अंथरुणात पडून राहणं हीच सगळ्यात वाईट विश्रांती. जिने चढायला हरकत नाही. उठताना सरळ पोटावर जोर देऊन उठू नये. कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि हाताने रेटून बसायचं. खोकताना, शिंकताना आणि हसतानाही तळहाताने किंवा छोट्या उशीने जखम दाबून धरायची.

पहिले दोन आठवडे 4-5 किलोपेक्षा जास्त काही उचलायचं नाही. भरलेली बादली आणि हट्ट करणारी नातवंडं दोन्ही यात आली. खरं जड वजन सहा आठवडे नको. बैठं काम जमेल तसं, साधारण एक-दोन आठवड्यांत. गाडी चालवायची तेव्हा, जेव्हा जोरात ब्रेक दाबताना दुखत नाही. दुचाकीला किक मारणं महिनाभर टाळा. शरीरसंबंधाला बंदी नाही, दुखणं कमी झालं की चालेल.

पथ्य असं काही नाही. पाणी भरपूर, पालेभाज्या, फळं. शौचाला कुंथावं लागू नये, एवढंच पाहा.

सिगारेट इथल्या दोन दिवसांत त्यांनी ओढली नाही. ती तशीच सुटली तर जखम नीट भरते आणि खोकलाही हळूहळू उतरतो. सुरुवातीला खोकला थोडा वाढल्यासारखा वाटू शकतो, त्यासाठी परत सुरू करू नका. सोडण्यासाठी औषधाची मदत मिळते, पुढच्या भेटीत विचारा.

ताबडतोब घेऊन या

6 तास लघवी झाली नाही, किंवा ओटीपोट फुगून कळा येऊ लागल्या, तर सकाळची वाट पाहू नका. आजच्या रात्री हे विशेष लक्षात ठेवा. झोपण्यापूर्वी "लघवी झाली का" असं त्यांना थेट विचारा, लाजू नका.

याशिवाय: ताप 100.4 फॅरनहाइटच्या वर. जखमेभोवती पसरत जाणारी लाली, पू किंवा वास. पट्टी भिजून रक्त वाहणं. वृषणाची पिशवी भराभर वाढून टणक होणं. उलट्या होऊन पोट फुगणं आणि गॅसही न सुटणं. जांघेत टणक, दुखरी, आत न जाणारी गाठ. एका पोटरीत सूज आणि दुखणं असेल, दम लागला किंवा छातीत दुखलं, तर आमच्याकडे फोन करण्यात वेळ न घालवता सरळ रुग्णवाहिका बोलवा.

बसल्यावर वाढणारी आणि आडवं झाल्यावर जाणारी डोकेदुखी भुलीमुळे असू शकते. ती असेल तर कळवा, त्यावर उपाय आहे.

वॉर्डचा नंबर फाइलच्या मागच्या बाजूला छापलेला आहे, रात्रीही उचलला जातो.

पुढच्या भेटी

पुढच्या बुधवारी सकाळी 10 वाजता शस्त्रक्रिया विभागात जखमेची तपासणी. येताना आठवडाभराचा एक साधा कागद आणा: रात्री किती वेळा उठले आणि शौचाला कुंथावं लागलं का. बाबा नीट सांगणार नाहीत, त्यामुळे आईंनी लिहिलं तर जास्त बरं.

तीन आठवड्यांनी मूत्रमार्गाभोवतीच्या प्रोस्टेट ग्रंथीची सोनोग्राफी आणि मूत्ररोगतज्ज्ञांची भेट ठरवली आहे. पीएसए नावाची रक्ततपासणी आत्ता केलेली नाही. लघवी तुंबल्यानंतर आणि नळी घातल्यानंतर तिचा आकडा फसवा वाढतो. ती सहा आठवड्यांनंतर करू. मधे कुणी सुचवलं आणि आकडा वाढलेला आला तर घाबरू नका, आम्हाला दाखवा.

कोणताही तपासणी अहवाल यायचा बाकी नाही.

शस्त्रक्रिया विभाग, वॉर्डचे डॉक्टर