धोका! रॅमखाली हात घालू नका

प्रेस शॉप, शेड 2, भोसरी एमआयडीसी, पुणे

ऑपरेटर, हेल्पर, डाय सेटर, ट्रेनी, कायम, कंत्राटी: सगळ्यांना लागू. तिन्ही शिफ्टला लागू.

थांबा. वाचा. मग प्रेसला हात लावा.
शेजारच्याला वाचता येत नसेल तर त्याला मोठ्याने वाचून दाखवा.

प्रेस चालू करण्याआधी

गार्ड जागेवर आहे का, बघा. हलवून बघा.
दोन्ही हातांची बटणं तपासा. एकच बटण दाबून बघा. रॅम हलला तर प्रेस बंद करा आणि फोरमनला बोलवा.
इमर्जन्सी बटण दाबून बघा. प्रेस थांबली पाहिजे.
लाइट कर्टनसमोर चिमटा धरा. प्रेस थांबली नाही तर काम सुरू करू नका.
गुरुवारच्या सुट्टीनंतर शुक्रवारी पहिल्या शिफ्टला हे सगळं नक्की करा. सुट्टीत मेंटेनन्सवाल्यांनी गार्ड काढलेला असतो. परत लावला असेलच असं धरून चालू नका.

प्रेस चालू असताना

पीस चिमट्याने ठेवा. चिमट्याने काढा.
अडकलेला पीस बोटाने ओढू नका. रॅम वर थांबवा, मोटर बंद करा, फ्लायव्हील थांबू द्या, मग चिमट्याने किंवा चुंबकाने काढा.
स्क्रॅप हाताने झाडू नका. ब्रश वापरा.
दोन माणसं एका प्रेसवर असतील तर बटणं दोघांनाही हवीत. एकाने बटण दाबायचं आणि दुसऱ्याने पीस ठेवायचा, असं करू नका.
एक बटण चिकटपट्टीने किंवा लाकडाच्या तुकड्याने दाबून ठेवू नका. असं दिसलं तर प्रेस बंद करा. ऑपरेटर जुना असला तरी बंद करा.
प्रेस चालू ठेवून चहाला जाऊ नका.
मोबाईल खिशातही नको. लॉकरमध्ये ठेवा.

टार्गेट मागे पडलं तर फोरमनला सांगा. गार्ड काढून टार्गेट भरू नका.
‘फक्त हा एकच पीस’ असं मनात आलं की हात मागे घ्या.

प्रेस 5 आणि 6: जास्त धोका

या दोन प्रेस जुन्या आहेत. पिन क्लचच्या आहेत. बाकी चार प्रेससारख्या त्या मध्येच थांबत नाहीत. पेडल एकदा दाबलं की रॅम खाली येणार आणि पूर्ण फेरा करूनच वर जाणार. इमर्जन्सी बटण दाबलंत तरी चालू झालेला फेरा थांबणार नाही. म्हणून या प्रेसवर लाइट कर्टन नाही. लावून उपयोग नाही.

म्हणून:
समोरचा बंद गार्ड लावल्याशिवाय पेडलवर पाय ठेवू नका.
पेडलवरचं लोखंडी झाकण काढू नका.
पीस ठेवताना पाय पेडलवरून खाली घ्या. जमिनीवर ठेवा.
एकदा पेडल दाबल्यावर रॅम दोनदा आला तर लगेच मोटर बंद करा. ‘डबल’ आला असं फोरमनला सांगा. पिन किंवा स्प्रिंग झिजल्याची ती खूण आहे. परत चालवून बघू नका.
मोटर बंद केली तरी फ्लायव्हील बराच वेळ फिरत राहतो. तो फिरतोय तोवर प्रेस चालूच आहे असं समजा.

डाय बदलताना, साफ करताना, दुरुस्ती करताना

फक्त डाय सेटर आणि मेंटेनन्स. इतरांनी पिवळ्या पट्टीच्या बाहेर उभं राहा. (इंग्रजी पाटीवर इथे ‘ऑथराइज्ड पर्सोनेल ओन्ली’ आहे. ते कोणीच वाचत नव्हतं.)

मेन स्विच बंद करा.
स्वतःचं कुलूप लावा. स्वतःच्या नावाचा टॅग लावा. किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा.
हवेचा व्हॉल्व्ह बंद करा. पाइपमधली हवा सोडून द्या. गेज शून्यावर आला का, बघा.
फ्लायव्हील पूर्ण थांबला का, बघा.
स्टार्ट बटण दाबून खात्री करा. प्रेस हलता कामा नये.
रॅमखाली सेफ्टी ब्लॉक लावा. लाकडी ठोकळा, नटबोल्टचा डबा चालणार नाही.
मगच हात आत घाला.

चौघं काम करत असतील तर कुलपं चार. ज्याचं कुलूप, त्यानेच काढायचं. शिफ्ट संपली तरी दुसऱ्याचं कुलूप तोडू नका. त्याला फोन करा.
काम झाल्यावर आधी हत्यारं मोजा, मग ब्लॉक काढा, मग गार्ड लावा, शेवटी कुलूप काढा.

लाइट गेली तर मेन स्विच बंद करा. लाइट येईपर्यंत डायमध्ये हात घालू नका. ती कधी परत येईल, सांगता येत नाही.

अंगावर काय

सेफ्टी शूज घाला. चप्पल, सँडल नको.
कानात प्लग घाला. शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागतंय म्हणजे कानाला धोका आहे.
चष्मा घाला.
पत्रा उचलताना कट न होणारे हातमोजे घाला. ड्रिल मशीनवर हातमोजे काढा. ड्रिल हातमोजा ओढून घेतं, हातासकट.
गमछा, ओढणी, पदर, माळ, कडं, अंगठी: बाहेर ठेवा किंवा आत नीट खोचा. कडं आणि अंगठी मात्र काढाच.
तेल सांडलं तर भुसा टाका आणि लगेच झाडा.

अपघात झाला तर

लाल बटण दाबा. ओरडा.
हात अडकला असेल तर ओढू नका. मोटर चालू करून रॅम उचलू नका. मेन स्विच बंद करा, डाय सेटरला बोलवा.
108 ला फोन करा. सांगा: भोसरी एमआयडीसी, शेड 2, प्रेस शॉप. एकाने गेटवर उभं राहून गाडी आत आणा.
रक्त येतंय तिथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. हात वर धरा. हळद, कॉफी, ऑइल लावू नका.

बोट तुटलं असेल तर शोधा. फेकू नका. डायमध्ये, स्क्रॅपच्या ट्रेमध्ये बघा.
स्वच्छ, ओलसर गॉजमध्ये गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, तोंड बांधा. ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा.
बोट थेट बर्फावर ठेवू नका, पाण्यात बुडवू नका. बोट गारठून खराब होतं, मग डॉक्टरांना जोडता येत नाही.
पिशवी जखमी माणसाबरोबरच ॲम्ब्युलन्समध्ये द्या.
फर्स्ट एड पेटी प्रेस 1 जवळच्या खांबावर आहे. गॉज आणि पिशव्या त्यातच आहेत. बर्फ कँटीनच्या फ्रीजमध्ये आहे. तो कप्पा रिकामा ठेवू नका.

प्रेस जशी आहे तशी राहू द्या. पुसू नका, गार्ड परत लावू नका. आधी फोरमन आणि सेफ्टी ऑफिसर बघतील.
हात थोडक्यात वाचला तरी सांगा. त्याचं रजिस्टर केबिनच्या बाहेर टांगलं आहे. नाव लिहायला नको असेल तर नुसता प्रेस नंबर लिहा.

प्रेस सुरक्षित वाटत नसेल तर चालवू नका. फोरमनला सांगा. त्याने ऐकलं नाही तर सेफ्टी ऑफिसरकडे जा. इंटरकॉम 21.

*ही पाटी गेटवरच्या इंग्रजी पाटीवरून केली आहे. शॉपमध्ये आपण ज्याला डाय, रॅम, गार्ड म्हणतो, त्याला इथेही तेच म्हटलंय. काही कळलं नाही तर टूल रूममध्ये विचारा. तेलाने अक्षर पुसलं तर स्टोअरमधून नवीन पाटी मागून लावा.*