करकर: पाडव्याआधीचे सात व्हिडिओ

(सगळे उभे, मोबाइलवरच. मागे संगीत टाकू नका. आवाज आपल्या मालातच आहे.)

सात दिवस बाकी, १० सेकंद
पडदा काळा. फरशीवरून कोणीतरी चालत येतं. करकर, करकर. थांबतं. पुन्हा करकर.
अक्षरं: ओळखा.

सहा, १५ सेकंद
आबांच्या मांडीवर चपलेचा तळ. वरचा भाग अजून दाखवायचा नाही.
आबा: हिच्यात विंचू हाय.
नात: चावतोय काय, आबा?
आबा: चावत न्हाई. तू आलीस, ते गल्लीला सांगतोय.
अक्षरं: तळात विंचू बसवला की कोल्हापुरी करकरते.

पाच, १२ सेकंद
परातीत बाभळीची साल, मुठीत हिरडा. त्यावर चामड्याचा तुकडा पडतो.
नात: रंग कुठला दिलाय, म्हणून विचारू नका. रंग दिलाच न्हाई, ह्यातनंच आलाय.

चार, ३० सेकंद
हा न कापता दाखवा. आरी तळात शिरते, मागोमाग चामड्याची वादी. आबा वादी ओढतात, पुन्हा आरी. वीस सेकंद कोणी बोलायचं नाही. मग आबा लोहचुंबक चपलेवरून फिरवतात आणि उचलतात. काही चिकटत नाही.
आबा: खिळा सापडला तर जोड फुकट.

तीन, ८ सेकंद
अक्षरं: कोल्हापुरी चप्पल. २०१९ पासून जीआय. महाराष्ट्राचे चार जिल्हे, कर्नाटकचे चार.
नात: मिलानच्या रॅम्पवर गेल्ती, ते सगळ्यांनी बघितलं. आमची कापशीची, कापशीतच हाय.

दोन, ३५ सेकंद
आज चप्पल पहिल्यांदा पूर्ण दिसते: पट्टा, अंगठा, दोन्ही कान, बारीक वेणी. नात घालून चालते. आवाज नाही. आबा मान वर करतात.
आबा: आवाज कुठं गेला?
नात: काढला. मी हापिसात करकरत गेलो की मीटिंग थांबत्या.
आबा: थांबू दे की!
नात: पोरी मागत्यात, आबा. मुकी पायजे म्हणत्यात.
आबा चप्पल उलटी करून बघतात. बराच वेळ. (इथं घाई करू नका, त्यांचा चेहराच व्हिडिओ आहे.)
आबा: शिलाई तीच हाय न्हवं? मग दोन्ही ठेव.
अक्षरं: बोलकी की मुकी? तुम्ही ठरवा.

एक, १५ सेकंद
नात कागदावर पाऊल ठेवते, आबा पेन्सिलीनं कड ओढतात.
नात: सात बसत न्हाई, आठ निसटती. म्हणून साडेसात केलीया.
अक्षरं: पाच ते नऊ, अर्ध्या मापांसह. ₹१,८५०. पहिले ४० जोड. उद्या पाडवा, सकाळी १० वाजता.

पाडवा, सकाळी १०
दारात गुढी, उंबऱ्याशी दोन जोड. आबा एक घालतात, नात दुसरा. दोघं गल्लीतून लांब जातात. करकर एकाचीच येते.
अक्षरं: विक्री सुरू. मागणी खालच्या लिंकवर.